उरलेल्या दोन किलोंचा हिशेब

घाटकोपरच्या एखाद्या मिठाईवाल्याचा हिशेब मांडून पाहू. किलोमागे ३०० रुपये खर्चाची १० किलो बर्फी त्याने ४०० रुपये भावाने ठेवली आणि ८ किलो खपली. नफा ८०० रुपये. उरलेली २ किलो टाकावी लागली, तर ६०० रुपये बुडतात आणि हाती अवघे २०० राहतात. तीच बर्फी मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी निम्म्या भावाने विकली असती, तर ६०० राहिले असते.

ती संध्याकाळ ट्रेवरील तारखेवरूनच कळते. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईलाही वापराची मुदत दर्शविणे बंधनकारक झाले. कलाकंद त्याच दिवशी संपवावा, साधी बर्फी मात्र सुमारे चार दिवस टिकते. जुन्या ट्रेवर ताजा माल रचला, की मुदत कोणाचीच कळत नाही. नासाडी इथूनही सुरू होऊ शकते. मुदत उलटलेली बर्फी दानातही देऊ नये.