चिकात असलेला गहू आणि मार्चचं ऊन

गव्हाच्या ओंबीतून एक कोवळा दाणा काढून नखाने दाबला की पांढरा चीक बाहेर येतो. आठवडाभराने तोच दाणा दाबला तर मळलेल्या कणकेसारखं काहीतरी निघतं. फुलोऱ्यानंतरच्या साधारण चाळीस दिवसांत दाणा भरतो. ओंब्या किती आणि ओंबीत दाणे किती, हे तोवर बहुतेक ठरलेलं असतं. उरतं ते दाण्याचं वजन. मार्चच्या उन्हाचा घाला पडतो तो या वजनावर.

पंजाब-हरियाणात हे 2022 साली घडलं. हवामान खात्याच्या 1901 पासूनच्या नोंदींत तो देशातला सर्वात उष्ण मार्च ठरला. पीक वरून झकास दिसत होतं, ओंब्या लांब होत्या आणि सरकारचा अंदाज 11 कोटी टनांच्या पुढे होता. मळणीला मात्र दाणे बारीक, सुरकुतलेले निघाले. पंजाबात आदल्या वर्षी हेक्टरी 48 क्विंटलच्या आसपास असलेला उतारा 42 च्या घरात आला. सुरकुतलेल्या दाण्यांची मर्यादा सरकारी खरेदीसाठी 6 टक्क्यांवरून 18 पर्यंत वाढवावी लागली आणि 13 मे रोजी गव्हाची निर्यात थांबवण्यात आली.

गव्हाचं पीक दिवस मोजत नाही, ऊब मोजतं. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून त्याची निम्मी केली की त्या दिवसाची सरासरी मिळते. अशा सरासरींची बेरीज ठरावीक आकड्याला पोहोचली की दाणा पिकतो, मग तो भरलेला असो वा नसो. समजा, ही बेरीज 780 आहे. कमाल 27 आणि किमान 12 असेल तर सरासरी साडेएकोणीस येते आणि दाण्याला भरायला 40 दिवस मिळतात. आता पहिले वीस दिवस असेच गेले, बेरीज 390 झाली आणि मग कमाल 34, किमान 16 वर गेलं असं धरू. सरासरी 25 झाली. उरलेले 390 आता वीसऐवजी साडेपंधरा दिवसांतच भरतात. चाळीस मिलिग्रॅमचा होऊ पाहणारा दाणा रोज सव्वा मिलिग्रॅम वाढत असेल, तर साडेचार दिवस बुडाल्याने साडेपाच मिलिग्रॅम गेले, म्हणजे सुमारे चौदा टक्के. हिशोब ढोबळ आहे, पण पंजाबातली घट याच्या जवळपासच होती.

दिवस कमी झाले तर दाणा भराभर का भरत नाही? कारण दाण्याचा मोठा भाग पिष्ट असतो आणि साखरेचं पिष्ट करणारं एक विकर उष्णतेला फार हळवं असतं. दाण्यापर्यंत साखर आली तरी तिचं पिष्ट होण्याचं काम मंदावतं. प्रथिनांना त्या मानाने कमी झळ बसते, म्हणून अशा गव्हात प्रथिनांचं प्रमाण जास्त दिसतं. पण ते वाढलेलं नसतं, पिष्ट घटलेलं असतं. शिवाय पारा 34 च्या वर गेला की ओंबीखालचं शेवटचं पान वेळेआधी पिवळं पडू लागतं. दाण्याचं बरंचसं अन्न हेच पान बनवतं. ते एकदा वाळलं की पुढच्या आठवड्यात गारवा परतला तरी पुन्हा हिरवं होत नाही. चार-पाच दिवसांचं ऊन हंगामभर पुरतं ते यामुळेच.

वर्तमानपत्रात ठळक छापलं जातं ते दुपारचं कमाल तापमान. माझ्या मते पहाटेच्या किमान आकड्याकडेही तितकंच लक्ष हवं. रात्र उबदार असली की रोप दिवसा कमावलेली साखर श्वसनातच खर्च करतं, आणि सरासरीही वाढते. जाणते शेतकरी दोन्ही आकडे रोज टिपतात. संशोधन केंद्रांत तिसरी नोंद घेतली जाते ती पिकाच्या माथ्याच्या तापमानाची. पिकाला न टेकवता वाचता येणारा तापमापक ओंब्यांवर रोखला की ती मिळते. पाणी पुरेसं असेल तर पीक बाष्पोत्सर्जनाने स्वतःला हवेपेक्षा काही अंश थंड ठेवतं. हा फरक घटू लागला की मुळांना पाणी कमी पडतंय असं समजावं.

म्हणूनच पहिला उपाय हलकं पाणी. कर्नालच्या गहू संशोधन संस्थेचा सल्ला असा की कमाल तापमान 35 च्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर एकरी 200 लिटर पाण्यात 400 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश विरघळवून फवारावं. त्याने नुकसान थोपतं, टळत नाही. पाणी देतानाही वाऱ्याचा अंदाज पाहावा लागतो. भरल्या ओंब्यांचा गहू ओल्या जमिनीत एका झोताने लोळतो, आणि लोळलेल्या गव्हाचा दाणा तर आणखीच बारीक राहतो.

आपल्याकडे थंडी मुळातच आखूड. निफाडच्या संशोधन केंद्राने उशिरा पेरणीसाठी वेगळे वाण काढले, तरी डिसेंबरात पेरलेल्या गव्हाचा चीक उन्हाच्या तोंडीच येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू मार्चचा पारा चढण्याआधी बहुतांशी भरून झालेला असतो.