मागवले हजार, आले किती?

समजा, कारखान्याने १००० किलो खिळ्यांची ऑर्डर दिली आणि ५ टक्क्यांपर्यंत जादा माल घेण्याची मुभा ठेवली. पहिल्या गाडीत ६०० किलो आले. तेवढीच आवक नोंदवायची. उरलेल्या ४०० किलोंसाठी ऑर्डर खुली राहते. दुसऱ्या गाडीतला माल काट्यावर ४७० किलो भरला. मुभा मूळ ऑर्डरवर मोजतात, शिल्लक ४०० किलोंवर नाही. म्हणून एकूण मर्यादा १०५० किलो, आणि साठ्यात आता ४५० किलोच चढतील. वरचे २० किलो वेगळे ठेवून परत पाठवायचे, किंवा खरेदी विभागाकडून ऑर्डर वाढवून घ्यायची. न मोजता चलानावरचा आकडा चढवला, तर पुस्तकातला साठा आणि गोदामातला माल जुळत नाही, शिवाय न आलेल्या मालाचेही पैसे दिले जातात.