लेणी ओस का पडली? मावळातून दिसणारा बौद्ध धर्माचा ऱ्हास

तळवड्याच्या आयटी पार्कपासून देहूमार्गे पश्चिमेकडे निघाले, की देहूरोडच्या पुढे जुन्या पुणे-मुंबई महामार्गालगत घोरवडेश्वराचा डोंगर लागतो. महाशिवरात्रीला तेथे मोठी गर्दी होते आणि संत तुकारामांच्या चिंतनाचे एक स्थान म्हणूनही परंपरा या डोंगराला मान देते. परंतु ज्या दालनात शिवलिंगाची पूजा होते, ते दालन शेलारवाडी लेणे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बौद्ध विहारसमूहाचा भाग असून, लिंगाच्या जागी पूर्वी स्तूप होता. येथील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट गावच्या एका शेतकरी कुटुंबातील स्त्रीने लेणे दान दिल्याची नोंद आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी नांगर चालवणाऱ्या घरातील स्त्री ज्या संघासाठी डोंगर कोरवून घेत होती, तो संघ या भूमीवरून पुढे कसा नाहीसा झाला, या प्रश्नाची विद्वानांनी दिलेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत, आणि ती तपासून पाहण्यास मावळाइतका चांगला प्रदेश क्वचितच सापडेल.

सर्वांत परिचित उत्तर तुर्की आक्रमणाचे आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस बख्तियार खिलजीच्या स्वारीत बिहारमधील महाविहार उद्ध्वस्त झाले, भिक्षू मारले गेले, उरलेले नेपाळ-तिबेटकडे गेले, असे हे स्पष्टीकरण सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला अधिक नेमके रूप दिले. आघात ब्राह्मणी धर्मावरही झाला, मग तो का टिकला, असा प्रश्न उपस्थित करून त्यांनी असे दाखवले, की ब्राह्मणाचे पौरोहित्य जन्माने मिळते, त्यामुळे एक पिढी मारली गेली तरी पुढची तयार असते. भिक्षू मात्र जन्माने होत नाही, त्याला संघाकडून उपसंपदा, म्हणजे विधिपूर्वक दीक्षा, घ्यावी लागते, आणि दीक्षा देणारेच संपले की परंपरेचा धागा तुटतो. पूर्व भारतापुरता हा युक्तिवाद अतिशय भक्कम आहे. तिबेटी यात्रेकरू धर्मस्वामी 1234 ते 1236 या काळात तेथे होता, तेव्हा नालंदेत नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवत होते. विद्या संपली नव्हती, पण तिला सांभाळणारी संस्था संपत आली होती.

मावळात मात्र हे उत्तर लागू पडत नाही. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागात बुद्धमूर्तींची भर साधारणपणे पाचव्या ते सातव्या शतकापर्यंत पडत राहिली आणि नंतर थांबली, तर दिल्लीच्या सुलतानांची सत्ता दख्खनमध्ये पोहोचली ती तेराव्या शतकाच्या शेवटी. या थांबण्याचे कारण सहा शतकांनंतरच्या स्वारीत शोधता येत नाही.

दुसरे उत्तर छळाचे आहे. पुष्यमित्र शुंगाच्या कथेपासून पुढे अनेक उल्लेख त्यासाठी दिले जातात, आणि इटालियन विद्वान जोव्हान्नी व्हेरार्दी यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्राह्मणी राजसत्तांच्या हिंसेलाच ऱ्हासाचे प्रमुख कारण मानले. याउलट महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या पाचव्या खंडात या विषयाला स्वतंत्र प्रकरण देऊन, छळाचे पुरावे तुरळक असल्याचे आणि पुराणधर्माने बुद्धाला अवतार मानून त्याची शिकवण सामावून घेतल्याचे प्रतिपादन केले. घोरवडेश्वराचे शिवलिंग दोन्ही बाजूंचे लोक आपापला पुरावा म्हणून दाखवू शकतात, कारण वसता विहार बळकावला गेला, की ओसाड दालनात देव बसवला गेला, हे ते लिंग सांगत नाही. कार्ल्यात चैत्यगृहाच्या दारासमोर एकवीरेचे मंदिर उभे आहे, पण आतला स्तूप शाबूत आहे आणि छताच्या प्राचीन लाकडी कमानीही जागच्या जागी आहेत. द्वेषाने झालेल्या विध्वंसाच्या खुणा अशा नसतात. शिवाय 1110 च्या सुमारास कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील गंडरादित्याने तलावाकाठी शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची स्थापना करून प्रत्येकाला जमीन दिल्याचे मिरजेच्या ताम्रपटावरून कळते. छळ कोठेच झाला नाही असे यावरून म्हणता येत नाही, परंतु महाराष्ट्रातील ऱ्हासाचा भार त्या एका कारणावर टाकता येत नाही, एवढे निश्चित.

तिसरे उत्तर आर्थिक आहे आणि ते पुण्यातच आकाराला आले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या डोंगरांतून पायी हिंडून असे दाखवले, की लेणी एकांतासाठी निवडलेल्या निर्जन जागी नव्हती, तर कोकणातील बंदरांहून घाट चढून येणाऱ्या व्यापारी वाटांवर होती. कार्ल्याचे शिलालेख त्याला दुजोरा देतात: चैत्यगृह उभारणारा भूतपाल हा वैजयंतीचा श्रेष्ठी होता, खांब देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन होते, दारासाठी दान देणारा सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता.

विहारांचे अर्थकारण कसे चाले, याचे सर्वांत स्पष्ट चित्र नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताच्या लेखात मिळते. क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्यानेच कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक गाव दिले होते. नाशिकला त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधीही न मोडता फक्त व्याज वापरायची ठेव. यांपैकी 2000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक या दराने ठेवले होते. वर्षाचे व्याज 240 होते, आणि लेखात ठरवून दिल्याप्रमाणे वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळतात. हिशेब तंतोतंत जुळतो. उरलेले 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने होते आणि त्यांचे 90 कार्षापण भिक्षूंच्या किरकोळ खर्चासाठी होते. ही व्यवस्था किती चोख होती आणि तिचा दुबळेपणा कोठे होता, हे दोन्ही या आकड्यांतून उघड होते. भिक्षूचे वस्त्र विणकराच्या बाजारावर अवलंबून होते. श्रेणी मोडली, नाण्यांचा ओघ आटला, की अक्षय म्हणवली जाणारी ठेव एका पिढीत नाहीशी होणार होती.

कोसंबींच्या मते नेमके हेच घडले. दूरचा व्यापार मंदावला, खेडे स्वयंपूर्ण झाले आणि राजांना आता काफिल्यांपेक्षा नवी जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांची गरज वाटू लागली. पेरणीचा काळ सांगणारे पंचांग ज्याच्याजवळ होते त्या ब्राह्मणाला अग्रहार, म्हणजे करमुक्त जमीन, मिळू लागले आणि विहार भांडवल अडवून ठेवणारे ओझे ठरले. लेणी ओस का पडली याचे हे उत्तर मोठ्या प्रमाणात पटते. सोपारा, कल्याण या बंदरांजवळच्या कान्हेरीत नवव्या शतकातही ठेवी येत होत्या, यावरूनही व्यापाराशी असलेला संबंध दिसतो. परंतु कान्हेरीचे त्या काळचे दाते कोण आहेत, हे पाहिले की या उत्तराची मर्यादा जाणवते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील तेथील लेखांत शिलाहारांचा अमात्य आहे, दूरच्या गौड देशाहून, म्हणजे बंगालहून, येऊन 100 द्रम्म ठेवणारा अविघ्नाकर आहे. कार्ले-शेलारवाडीच्या लेखांतील गंधी, सुतार, शेतकऱ्याची बायको या गर्दीसारखे कोणी त्यांत नाही. पैसा येत होता, पण भोवतालचा समाज बाजूला झाला होता.

अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लार्स फोगेलिन यांनी 2015 च्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीवर भर दिला. गावे आणि ठेवी मिळाल्यामुळे संघाला रोजच्या भिक्षेसाठी सामान्य माणसाच्या दारात जाण्याची गरज उरली नाही, त्याने स्वतःला विहारात मिटून घेतले, आणि राजाश्रय आटला तेव्हा त्याला सावरणारे कोणी राहिले नव्हते. दामोदर कोसंबींचे वडील धर्मानंद कोसंबी यांनीही ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ या 1935 च्या ग्रंथात संघाच्या संपत्तीसंग्रहाकडे बोट दाखवले होते. सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला तेव्हा त्याने शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षूंची नोंद केली; विहारांची संख्या लहान नव्हती, आणि तरीही काही शतकांत ते सारे पुसले गेले.

या सर्व उत्तरांची खरी परीक्षा जैन धर्माशी तुलना केली की होते, आणि ती तुलना पद्मनाभ जैनी यांनी 1980 मध्ये केली. जैनही श्रमण परंपरेचेच, व्यापारावरच पोसलेले, राजाश्रय गमावलेले आणि आक्रमणे सोसलेले; तरीही सांगली-कोल्हापूरकडे जैन शेतकरी आणि व्यापारी आजतागायत आहेत. या तुलनेत दिसणारा एक महत्त्वाचा फरक गृहस्थांत आहे. जैन आचार्यांनी श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, बारा व्रते दिली, आणि अमोघवर्षाचे गुरू जिनसेन यांनी आदिपुराणात जन्मापासूनचे संस्कार जैन रीतीने बांधून दिले. म्हणजे कान्हेरीला दरबारी ठेवी येत होत्या त्याच राज्यात जैन गृहस्थाला घरातील जन्म, विवाह आणि नामकरणासाठी आपल्या धर्माबाहेर जावे लागणार नाही, अशी तजवीज होत होती. बौद्ध उपासकासाठी तसे काही उभे राहिले नाही. तो विहाराला दान देई आणि लग्नाला ब्राह्मण बोलावी. विहार ओस पडल्यावर त्याच्याजवळ फक्त ब्राह्मण उरला. कोसंबींचे स्पष्टीकरण लेणी रिकामी का झाली ते सांगते, आंबेडकरांचे पूर्वेकडील अखेरच्या आघाताचे सांगते. पण लेणी रिकामी झाल्यावर आजूबाजूच्या गावांत बौद्ध का उरले नाहीत, हे जैनींच्या तुलनेशिवाय कळत नाही, आणि म्हणून त्या उत्तराला सर्वांत अधिक वजन द्यावे लागते.

हेच वैगुण्य आंबेडकरांनीही ओळखले होते. 25 डिसेंबर 1954 रोजी, घोरवडेश्वराच्या डोंगरापासून जवळच, देहूरोडच्या विहारात त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुढे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी स्पष्टपणे लिहिले, की संघात प्रवेशासाठी दीक्षा होती, पण धम्मात प्रवेशासाठी स्वतंत्र विधी नव्हता, त्यामुळे उपासक एकाच वेळी अनेक धर्म पाळत राहिला, आणि हे ऱ्हासाचे एक कारण ठरले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी जी दीक्षा दिली, ती भिक्षूंना नव्हे, तर बावीस प्रतिज्ञांसह गृहस्थांना दिली. 2011 च्या जनगणनेत भारतातील सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाखांहून अधिक महाराष्ट्रात नोंदले गेले.