अक्षरं मोठी, रंग शांत

शाळेतल्या बाईंनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला निरोप पाठवला: “अरे, वेबसाइट छान झालीये, मुलांना आवडली. पण प्रवेशाची सूचना पालकांना वाचता येत नाही. अक्षरं मोठी कर आणि रंग जरा शांत ठेव. सवडीने कर.” मुलगा नोकरी सांभाळून हे काम फुकट करतो, म्हणून बाईंना सांगताना अवघड वाटलं असणार. मागणी मात्र रास्त होती.

ती सूचना पिवळ्या पट्टीवर, लाल रंगात, १२ पिक्सेलच्या अक्षरांत होती. इंग्रजी मजकूर एवढ्या आकारात कसाबसा निभावतो. देवनागरीला शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार लागतात. हे सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं तर मूळ अक्षर आक्रसतं. ‘सहा वर्षांवरील मुले’ यातला रफार आणि अनुस्वार मोबाइलवर एकमेकांत मिसळून नुसता ठिपका दिसत होता. ब्राउझरचा नेहमीचा आकार १६ पिक्सेल असतो; मराठीसाठी १८ बरा. ओळींमधलं अंतरही वाढवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

रंगांच्या बाबतीत गफलत होते ती ‘शांत’ म्हणजे ‘फिकट’ समजल्याने. डिझायनर पांढऱ्यावर करड्या रंगाची अक्षरं देतो. पान सुरेख दिसतं आणि उन्हात मोबाइल धरला की मजकूर गायब! अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक गुणोत्तरात मोजतात. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला तो किमान ४.५ हवा. पिवळ्यावर भडक लाल ३.७ च्या आसपास येतो, म्हणजे डोळ्यांना टोचूनही नापास. पांढऱ्यावर `#999999` हा करडा तर तीनही गाठत नाही. शांत करायची ती पार्श्वभूमी. अक्षरं गडदच राहू द्यायची. फिक्या सायीच्या रंगावर गडद करडं अक्षर ठेवलं की गुणोत्तर जवळपास १२ होतं:

```css
body {
  font-size: 1.125rem;
  line-height: 1.7;
  color: #333333;
  background: #FFF8E7;
}
```

इथे `1.125rem` म्हणजे एरवी १८ पिक्सेलच. पण एखाद्या आजोबांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली असतील, तर `rem` त्यांचं ऐकतं. थेट `18px` लिहिलं की ती सोय जाते.

शाळेचा लाडका लाल रंग सोडायची गरज नाही. तो वरच्या पट्टीत, बोधचिन्हात खुशाल राहू दे.

एवढं करूनही एक सूचना तशीच बारीक राहिली, कारण ती फलकावरच्या कागदाचा फोटो होती. फोटोतल्या अक्षरांवर वरच्या चार ओळींची मात्रा चालत नाही. ती सूचना कुणीतरी बसून टाइप करायला हवी, आणि ते काम बहुधा बाईंकडेच येईल.