दोन आम्लं, एकच अल्कली आणि दोन वेगळे आलेख

एका बीकरमध्ये ५० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, दुसऱ्यात तितकंच अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. दोन्ही ०.०१ मोलर. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड भरलं, तर दोन्ही आम्लांचं उदासिनीकरण बरोबर ५ मिलिलिटरला पुरं होतं. पण प्रत्येक भरीनंतर द्रावणाची वाहकता मोजून आलेख काढला, तर दोन्हींचे आकार पार निराळे निघतात. बी.एस्सी.ची बरीच मुलं पहिला आकार इंग्रजी ‘व्ही’सारखा म्हणून पाठ करतात आणि अ‍ॅसेटिक आम्ल विचारलं की तोच ‘व्ही’ जरा पसरट करून देतात. तिथे चूक होते, कारण दुसरा आलेख ‘व्ही’ नसतोच. खरं तर यातलं काहीही पाठ करावं लागत नाही. द्रावणातून कोणता आयन गेला आणि त्याच्या जागी कोणता आला, एवढा हिशेब ठेवला की आलेख आपोआप कागदावर उतरतो.

वाहकता म्हणजे द्रावणातून वीज किती सहज वाहते त्याचं माप. ती वाहून नेतात आयन, पण सगळे सारख्या क्षमतेने नाही. २५ अंश सेल्सिअसला विरल द्रावणात हायड्रोजन आयनाची क्षमता सुमारे ३५० धरली, तर हायड्रॉक्साइडची १९९, क्लोराइडची ७६, सोडियमची ५० आणि अ‍ॅसिटेटची जेमतेम ४१ भरते. पहिले दोन इतके पुढे का? बाकीचे आयन पाण्यातून वाट काढत स्वतः सरकतात. हायड्रोजन आयन मात्र पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. स्लॅब टाकताना माणसं जागेवर उभी असतात आणि घमेली हातोहात पुढे जातात, तसा. हायड्रॉक्साइडचंही साधारण असंच चालतं.

आता हायड्रोक्लोरिक आम्लाचा बीकर पाहू. हे तीव्र आम्ल, त्यामुळे पाण्यात ते जवळपास पूर्ण विचरित झालेलं असतं. सुरुवातीलाच हायड्रोजन आयनांची गर्दी, म्हणून वाहकता मोठी: सेंटीमीटरला सुमारे ४.२६ मिलिसीमेन्स. सोडियम हायड्रॉक्साइड पडू लागलं की हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन एकत्र येऊन पाणी होतं, आणि गेलेल्या प्रत्येक हायड्रोजन आयनाच्या जागी एक सोडियम उरतो. क्लोराइड होते तसेच राहतात. ३५० चा गडी गेला, ५० चा आला. दर वेळी ३०० चा तोटा. म्हणून रेषा सरळ खाली येते: अडीच मिलिलिटरला २.७६, पाचला १.२६. आता बीकरमध्ये फक्त मीठ आणि पाणी आहे. यापुढे पडणाऱ्या अल्कलीला पकडणारं कुणी नाही, त्यामुळे दर वेळी सोडियमचे ५० आणि हायड्रॉक्साइडचे १९९, म्हणजे २४९ ची भर पडते आणि रेषा चढू लागते. दहा मिलिलिटरला आकडा ३.७५ होतो. उतार ३०० चा आणि चढ २४९ चा, म्हणून हा ‘व्ही’ कधीच समान बाजूंचा नसतो. उजवी बाजू किंचित कमी उभी काढायची.

अ‍ॅसेटिक आम्लाचा बीकर वेगळ्याच जागेवरून सुरू होतो. हे सौम्य आम्ल, आणि ०.०१ मोलर द्रावणात त्याच्या शंभर रेणूंपैकी चारेकच विचरित झालेले असतात. वाहकता फक्त ०.१६. म्हणजे पहिला बिंदू हायड्रोक्लोरिकच्या तुलनेत पार तळाशी मांडायचा. पहिले काही थेंब पडले की ती थोडी आणखी घटते: पाव मिलिलिटरला सुमारे ०.१३. थेंबांनी हायड्रोजन आयन संपवले हे एक कारण. दुसरं कारण असं, की तयार झालेल्या अ‍ॅसिटेटमुळे उरलेल्या आम्लाचं विचरण दबतं. पण ही घसरण लगेच थांबते, कारण आता आम्लाचा न विचरलेला रेणू, जो वीज वाहतच नव्हता, तो जाऊन त्याच्या जागी एक सोडियम आणि एक अ‍ॅसिटेट येतो. ५० आणि ४१ मिळून ९१ ची निव्वळ कमाई. रेषा सावकाश चढते: अडीच मिलिलिटरला ०.४६, पाचला ०.९१. त्यापुढे जास्तीच्या अल्कलीमुळे चढ २४९ चा होतो. इथे समतुल्य बिंदू म्हणजे दरीचा तळ नव्हे. मंद चढ संपून उभा चढ सुरू होतो ते वळण.

दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले, तर एक तपासणी हाताशी येते. पाच मिलिलिटरनंतर दोन्हीकडे भर पडते ती फक्त सोडियम हायड्रॉक्साइडची, त्यामुळे त्या दोन रेषा समांतर हव्यात. अ‍ॅसेटिकची रेषा ०.३५ ने खाली असेल, कारण क्लोराइड आणि अ‍ॅसिटेट यांच्या क्षमतांत ३५ चा फरक आहे. रेषा एकमेकींना छेदत असतील, तर काहीतरी बिघडलं आहे. शिवाय सुरुवातीची ती घसरण या मोजपट्टीवर दिसतही नाही; पुस्तकांत ती मुद्दाम ठळक काढलेली असते.

हे आकडे कागदावरच्या हिशेबाचे. प्रत्यक्ष मीटर थोडे कमी दाखवतो, कारण ब्युरेटमधून येणारं पाणी द्रावण पातळ करतं. पाच मिलिलिटरला ५० चे ५५ झाले, म्हणून ते वाचन ५५ भागिले ५० ने गुणायचं. हे केलं नाही तर रेषा वाकड्या येतात, आणि अल्कली आम्लाइतकंच पातळ घेतलं तर फारच वाकड्या. म्हणून ती दहापट संहत घ्यावी. तापमान एक अंशाने वाढलं तरी वाहकता साधारण दोन टक्के वाढते, तेव्हा बीकर उन्हात किंवा गरम हॉटप्लेटशेजारी ठेवू नये.

समतुल्य बिंदूपाशी थेंबाथेंबाला वाचन घेण्याची सवय पीएच टायट्रेशनमधून लागते. इथे तिचा उपयोग नाही. नेमक्या त्या जागी अ‍ॅसिटेट पाण्याशी क्रिया करून थोडं हायड्रॉक्साइड तयार करतो आणि कोपरा गोल होतो. अल्कलीने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला असेल, तर तो आणखी बोथट होतो. म्हणून बिंदूपासून दूर, दोन्ही बाजूंना चार-पाच वाचनं घ्यायची, त्यांतून सरळ रेषा ओढायच्या आणि त्या छेदतील ती जागा वाचायची. बोरिक आम्ल इतकं सौम्य आहे, की पीएचच्या आलेखात त्याची ठळक उडी दिसतच नाही. तिथेही या पद्धतीने छेद मिळतो.

आणि व्हिनेगरमध्ये कुणी हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं असेल, तर? अल्कली आधी तीव्र आम्लाला गाठते, त्यामुळे रेषा प्रथम उतरते. मग अ‍ॅसेटिकची पाळी येते आणि ती मंद चढते. शेवटी जास्तीच्या अल्कलीने उभी चढते. पहिल्या वळणापर्यंत लागलेली अल्कली मिसळलेल्या आम्लाची, पहिल्या ते दुसऱ्या वळणापर्यंतची मूळ व्हिनेगरची. पहिलं वळण थोडं गोल असतं, म्हणून तेही रेषा ओढूनच शोधायचं.