टॉरेंटच्या यादीतली तुमची ओळ

डेबियन या लिनक्स प्रणालीची फाइल टॉरेंटने उतरवायला लावावी आणि क्यूबिटटॉरेंटच्या खिडकीत खाली दिसणारा `Peers` हा टॅब उघडावा. काही सेकंदांत तिथे ओळींवर ओळी येऊ लागतात. प्रत्येक ओळीत एक आयपी पत्ता, पोर्टचा आकडा, देशाचा झेंडा, समोरचा माणूस कोणते सॉफ्टवेअर वापरतो त्याचे नाव आणि त्याच्याकडे फाइलचा किती टक्के भाग जमला आहे याची नोंद असते. ही यादी बघायला पासवर्ड लागत नाही की कुठली चोरवाट शोधावी लागत नाही. त्याच क्षणी त्या अनोळखी लोकांच्या पडद्यावरही अशीच यादी असते आणि तिच्यात बघणाऱ्याची स्वतःची ओळ असते.

कुठे काही फुटले म्हणून हे घडत नाही. ब्रॅम कोहेनने 2001 मध्ये बिटटॉरेंट आणले तेच या पायावर: फाइल एका मोठ्या सर्व्हरने सगळ्यांना न देता, घेणाऱ्यांनीच आपल्याकडचे तुकडे एकमेकांना द्यायचे. तुकडे द्यायचे-घ्यायचे तर पत्ता हवाच. त्यामुळे टॉरेंट सुरू झाले की क्लायंट आधी ट्रॅकरकडे हजेरी लावतो आणि अमुक फाइल हवी आहे, अमुक पोर्टवर मी भेटेन, एवढे सांगतो. स्वतःचा पत्ता त्याने सांगायचीही गरज नसते, कारण जोडणी ज्या पत्त्यावरून आली तो ट्रॅकरला दिसतोच. उत्तरादाखल ट्रॅकर इतरांचे पत्ते पाठवतो. आटोपशीर मांडणीत एका माणसाची नोंद अवघ्या सहा बाइटांत बसते: चार बाइट पत्त्याचे, दोन पोर्टचे. ट्रॅकर नसला तरी काम अडत नाही. डीएचटी ही विखुरलेली नोंदवही असते, शिवाय जोडलेले पीअर आपल्या ओळखीच्यांचे पत्ते परस्पर पुढे देत राहतात.

इथे एका गैरसमजाचा निकाल लावलेला बरा. क्लायंटमध्ये ‘एन्क्रिप्शन’चा पर्याय असतो आणि तो चालू केला की आपण झाकले गेलो, असे अनेकांना वाटते. तो पर्याय वाटेतल्या इंटरनेट कंपनीला ही वाहतूक चटकन ओळखता येऊ नये म्हणून आहे. पलीकडचा पीअर म्हणजे त्या संभाषणातला दुसरा माणूसच, त्याच्यापासून पत्ता कसा लपणार?

यादी वाचणारे सगळेच फाइलसाठी आलेले नसतात. फ्रान्समधल्या इन्रिया या संस्थेच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले, की 103 दिवस पाळत ठेवून 14 कोटी 80 लाख आयपी पत्ते आणि कोण काय उतरवतो याची नोंद जमवता येते. त्याआधी 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झालेला प्रयोग तर आणखी बोलका आहे. काही ट्रॅकर हजेरीत सांगितलेला दुसराच पत्ता निमूटपणे नोंदवून घेत. संशोधकांनी आपल्या प्रिंटरांचे पत्ते त्यात घातले आणि एकही फाइल न उतरवलेल्या प्रिंटरांच्या नावाने कॉपीराइटभंगाच्या नोटिसा आल्या. यादीत पत्ता दिसला एवढ्यावरच कुणीतरी नोटीस धाडत होते.

आता एक उदाहरण घेऊ. घरातल्या लॅपटॉपला राउटरने 192.168.1.7 हा पत्ता दिला आहे. तो घरापुरताच चालतो. बाहेर पडताना राउटर त्याजागी कनेक्शनचा सार्वजनिक पत्ता लावतो, समजा 203.0.113.25, आणि पीअरना तोच दिसतो. व्हीपीएन सुरू केले की लॅपटॉपवर वाय-फायच्या जोडीला एक आभासी इंटरफेस उभा राहतो. वायरगार्ड असेल तर त्याचे नाव बहुधा `wg0`, ओपनव्हीपीएन असेल तर `tun0`. त्याचा पत्ता समजा 10.2.0.2. सगळी वाहतूक या बोगद्यातून व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंत जाते आणि तिथून 198.51.100.40 अशा परक्या पत्त्याने बाहेर पडते. आता पीअरांच्या यादीत हा पत्ता येतो.

खरी अडचण बोगदा तुटल्यावर येते.

रात्री वाय-फाय क्षणभर गेले, लॅपटॉप झोपेतून जागा झाला, व्हीपीएनचे अॅप अद्ययावत होताना बंद पडले, अशा वेळी `wg0` नाहीसा होऊ शकतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने यात बिघडले काहीच नाही. एक वाट बंद झाली, वाय-फायची वाट मोकळी आहे. क्लायंटही ‘कोणताही इंटरफेस चालेल’ अशाच मूळ सेटिंगवर असतो. जुन्या जोडण्या तुटतात, तो नव्या जोडतो, ट्रॅकरकडे पुन्हा हजेरी लावतो आणि या वेळी यादीत 203.0.113.25 जातो. पडद्यावर वेग क्षणभर घसरून पुन्हा चढतो, इतकेच. संगणक सुरू होताना क्लायंट आपोआप उघडत असेल आणि व्हीपीएन त्यानंतर जोडले जात असेल, तर हेच रोज सकाळी घडते. नंतर व्हीपीएन परत आले तरी बाहेर गेलेला पत्ता इतरांच्या याद्यांमध्ये काही काळ फिरत राहतो.

व्हीपीएनच्या अॅपमधला ‘किल स्विच’ यासाठीच असतो आणि तो चालू ठेवावाच. पण ते कुलूप व्हीपीएनच्या हातात आहे आणि अनेकदा गडबड नेमकी त्या अॅपमध्येच झालेली असते. म्हणून दुसरी तजवीज क्लायंटच्या बाजूने करायची. क्यूबिटटॉरेंटच्या सेटिंग्जमध्ये `Advanced` या पानावर `Network interface` अशी ओळ आहे. तिथे मुळात `Any interface` असते, त्याऐवजी व्हीपीएनचा इंटरफेस निवडायचा. नाव माहीत नसेल तर व्हीपीएन जोडलेले असताना लिनक्सवर ही आज्ञा द्यावी आणि 10 ने सुरू होणाऱ्या पत्त्यासारखी नवी ओळ शोधावी:

```
ip -br addr
```

मग क्लायंट बंद करून पुन्हा उघडावा. यानंतर तो ऐकायचे आणि बोलायचे दोन्ही काम त्या एकाच इंटरफेसवरून करतो. इंटरफेस गेला की त्याला जोडणी उघडायला जागाच उरत नाही. वाय-फाय शेजारी चालू असले तरी तो तिकडे वळत नाही.

बांधणी खरोखर झाली का, हे तपासून पाहावेच. डेबियनचे टॉरेंट चालू असताना मुद्दाम व्हीपीएन तोडावे. काही क्षणांत वेग शून्यावर आला आणि टॉरेंट `Stalled` दाखवू लागले, तर काम झाले. वेग पुन्हा चढला तर निवड चुकली आहे. ब्राउझरमध्ये आपला आयपी पाहून ही खात्री होत नाही, कारण ब्राउझर आणि टॉरेंट क्लायंट वेगळ्या वाटांनी जात असू शकतात. त्यासाठी `ipleak.net` वर चाचणीपुरती मॅग्नेट लिंक मिळते. ती क्लायंटमध्ये टाकली की टॉरेंटच्या वाटेने बाहेर दिसणारा पत्ता त्या पानावर उमटतो.

या बांधणीच्या कक्षेबाहेरही काही गोष्टी राहतात. ट्रॅकरचे नाव पत्त्यात बदलून घेण्याची विचारणा सहसा ऑपरेटिंग सिस्टिम करते. बोगदा तुटलेला असताना ती इंटरनेट कंपनीच्या डीएनएसकडे जाऊ शकते. त्यातून पीअरना पत्ता कळत नाही, पण कोणता ट्रॅकर शोधला हे कंपनीला कळते. व्हीपीएन कंपनीला ग्राहकाचा मूळ पत्ता दिसतोच. भारतात सर्ट-इनच्या 2022 च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवायला सांगितले, त्यावर काही परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले.

रोजच्या वापरात मात्र सर्वाधिक तक्रार येते ती वेगळीच: व्हीपीएन चालू आहे, ब्राउझर चालतो, फक्त टॉरेंट ठप्प. अॅपमध्ये ओपनव्हीपीएनऐवजी वायरगार्ड निवडले किंवा कंपनीच बदलली, की इंटरफेसचे नाव बदलते आणि क्लायंट जुन्या नावाची वाट बघत बसतो. अशा वेळी वैतागून `Any interface` करू नये. त्याच ओळीत नवे नाव निवडून क्लायंट पुन्हा उघडावा आणि व्हीपीएन तोडण्याची चाचणी नव्याने घ्यावी.