घनमूळ एक नव्हे, तीन

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या स्लाइडवर z³ = 8i हे समीकरण येतं आणि लगेच खाली तीन उत्तरं. ती येतात कुठून? 8i हा प्रतलावरचा बिंदू समजा: आरंभबिंदूपासून 8 एकक अंतरावर, सरळ वर, म्हणजे 90 अंशांवर. अंतर आणि कोन, एवढंच ध्रुवीय रूप. संमिश्र संख्यांचा गुणाकार करताना अंतरं गुणली जातात, कोनांची मात्र बेरीज होते. म्हणून i ने गुणणं म्हणजे काटकोनात वळणं.

आता घनमूळ. ज्याचा घन 8, ते अंतर 2. ज्याची तिप्पट 90, तो कोन 30. बहुतेक जण इथेच थांबतात. पण एक पूर्ण फेरी मारून 450 अंशांवर गेलं, तरी दिशा तीच. 810 वरही तीच. तीनने भागल्यावर मात्र 30, 150, 270 असे वेगळे कोन मिळतात. आणखी एक फेरी मारली तर 390, म्हणजे पुन्हा 30च.

उत्तरं √3 + i, −√3 + i आणि −2i. वर्तुळावरचा समभुज त्रिकोण. त्यांची बेरीज शून्य आली नाही, तर कुठेतरी चुकलंय. दुसऱ्या मुळाचा कोन कॅल्क्युलेटरवर tan⁻¹ ने काढला तर −30 दिसतो; बिंदू डावीकडे असल्याने त्यात 180 मिळवावे लागतात.